हारपलेला य आणि वर्धा

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडच्या काठाला. तिसरी-चौथीचे वर्ग माझ्याकडे एकत्र बसतात. ऑगस्टमधला दिवस होता. शेतात निंदण सुरू असल्याने बरीच पोरं आली नव्हती, म्हणून नवा धडा न घेता मी अक्षरकार्डं काढली. विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांची नावं मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला स्केचपेनने लिहून कापली होती. एकेका जिल्ह्याची कार्डं एकेका पाकिटात घालून हलवायची, बाकावर ओतायची आणि पोरांनी नाव जुळवायचं.

कार्डं कशी कापायची, हे मी एका जुन्या चुकीतून शिकले होते. पहिल्या वर्षी मी काना, वेलांटी, मात्रा सगळं वेगळं कापलं होतं. 'न', 'क' आणि एक काना दिला, तर कोणी 'नाक' केलं, कोणी 'कान', कोणी 'नका'. तिन्ही शब्द खरे, पण मला त्यांतला एकच हवा होता. वाशिमच्या बाबतीत तर वेगळंच झालं. मूल कानाने ऐकतं त्या क्रमाने ठेवतं: आधी श, मग त्याची 'इ', मग म. पण पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते. श ठेवून त्याच्यापुढे सुटी वेलांटी लावली की ती म ला चिकटते आणि 'वाशमि' तयार होतं. मराठी शब्दाच्या शेवटच्या अक्षराला पहिली वेलांटी जवळपास येतच नाही, 'आणि', 'नि' असे दोनचार शब्द सोडले तर. हे ठाऊक असलेल्याला चूक लगेच दिसते. तिसरीतल्या पोराला दिसत नाही. तेव्हापासून काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, जोडाक्षर, सगळं आपल्या अक्षराबरोबर एकाच कार्डावर राहतं. वा, शि, म. गों, दि, या. हिशोब सोपा झाला असं मला वाटलं होतं.

त्या दिवशी तिसरीतल्या एका मुलाला मी यवतमाळचं पाकीट दिलं. आपलाच जिल्हा, म्हणजे याला अवघड जाणार नाही असा माझा अंदाज. त्याने य, व, त, मा सरळ ओळीत ठेवले. मग पाकीट उलटं करून झटकलं, बाकाखाली वाकून पाहिलं आणि मला हाक मारली.

"म्याडम, एक य हारपला."

मी म्हटलं, "य तर ठेवलास ना पहिला?"

"तो पयला झाला. शेवटचा य कुठी हाये? ये-व-त-मा-य."

त्याच्या हातात ळ चं कार्ड होतं. ते दुसऱ्या पाकिटातलं चुकून आलंय असं समजून त्याने बाजूला काढून ठेवलं होतं.

मी काही क्षण त्या कार्डाकडे बघत राहिले. आमच्याकडे डोळा 'डोया' होतो, काळा 'काया' होतो, केळी 'केयी' होतात. त्याच्या घरात, गावात, एस.टी.च्या कंडक्टरच्या तोंडीसुद्धा गाव 'यवतमाय' आहे. पाच कार्डं एकशे वीस तऱ्हांनी लावता येतात. त्यांतून त्याने चार जागा एका झटक्यात बरोबर धरल्या होत्या, पाचव्या जागी काय ऐकू येतं हेही अगदी अचूक सांगितलं होतं. चूक क्रमाची नव्हतीच. कान जे ऐकतो त्याचं अक्षर पुस्तकात वेगळं आहे, एवढंच त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मी त्याला 'ळ म्हण' असं सांगितलं नाही. अशा वेळी घरची बोली दुरुस्त करायला घेतली की मूल गप्प बसतं, आणि गप्प बसलेल्या मुलाचं काय अडलंय ते कळायचा रस्ताच बंद होतो. मी फळ्यावर डोया, काया, केयी लिहिलं आणि समोर डोळा, काळा, केळी. त्याने स्वतःच बोट ठेवलं: "जथी आपला य, तथी पुस्तकातला ळ." मग मी 'पाय' लिहिलं. तो थांबला. पाय म्हणताना य, आणि लिहितानाही य. म्हणजे प्रत्येक य चा ळ करता येत नाही, शब्द ओळखूनच ठरवावं लागतं. हे त्याला तिथल्या तिथे समजलं आणि मलाही बरं वाटलं. त्याने ळ शेवटी ठेवला आणि मोठ्याने वाचलं: "यवतमाय." मी मान डोलावली.

मग मी त्याला वर्ध्याचं पाकीट दिलं. फक्त दोन कार्डं, 'व' आणि 'र्धा'. सोपं आहे, जरा हुरूप येईल, म्हणून दिलं. त्यावर तो दहा मिनिटं बसला.

मी दुसऱ्यांच्या वह्या बघत बघत त्याच्याकडे पाहत होते. त्याने व ठेवला, पुढे र्धा ठेवलं, ओठ हलवले आणि कार्डं मोडली. उलटी लावली, पुन्हा मोडली. पुन्हा बरोबर लावली, आणि पुन्हा मोडली. बरोबर आलेलं उत्तर मूल का मोडतंय, हे मला कळेना. जवळ जाऊन म्हटलं, "लावलेलं वाच."

"वधार."

"आणि हे एकटं कार्ड?"

"धार."

तेव्हा उलगडा झाला. रफार कागदावर सगळ्यात शेवटी काढतात. ध काढायचा, काना काढायचा आणि मग त्या कान्याच्या डोक्यावर रफार. डोळा डावीकडून निघाला की आधी ध भेटतो, मग काना, मग र. जसं दिसलं तसं त्याने वाचलं: धा, र. 'वधार' असा शब्द नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून प्रत्येक वेळी तो आपलं बरोबर उत्तर प्रामाणिकपणे मोडत होता.

"तुला नदीचं नाव तुकड्यांनी म्हणता येतं का?" मी विचारलं. त्याने टाळी देत म्हटलं, "वर्, धा." दोन टाळ्या. कार्डंही दोनच. पण टाळीच्या पहिल्या तुकड्यात र् व बरोबर आहे आणि कार्डावर तो धा बरोबर. 'वर्' लिहिलेलं कार्ड तो शोधत होता आणि तसं कार्ड जगात कुठल्याच पाकिटात नव्हतं. पुस्तकाचंही असंच: बोलताना पुस्-तक, लिहिताना पु-स्त-क. जोडाक्षर आलं की तोंडाचा तुकडा आणि हाताचा तुकडा वेगळ्या ठिकाणी तुटतो. इतकी वर्षं मी 'शब्द तोडून म्हणा आणि मग कार्डं लावा' असं सांगत आले. साध्या अक्षरांच्या शब्दांना ते चालतं. जोडाक्षरांच्या शब्दांत मीच पोरांना चुकीच्या जागी तोडायला शिकवत होते.

मी एक लांब पट्टी कापली आणि तीन घरं आखली: व, र्, धा. त्याला सगळं वाचायला लावलं. 'र्' म्हणताना थांबायचं नाही, त्याला स्वतःचा अ नाही, पुढच्याला धरूनच उभा राहतो. मग मधल्या घराची पट्टी मागे दुमडली, तशी व आणि धा एकमेकांना चिकटली. मधला र् दिसेना. "गेला कुठी?" त्याने विचारलं. मी धा च्या कान्यावर रफार काढला. "जागा सोडली, म्हणून पुढच्याच्या डोक्यावर बसला. पण बोलायची पाळी त्याची पहिलीच." त्याने पट्टी उलगडली, दुमडली, परत उलगडली. पाचसहा वेळा केल्यावर नुसतं कार्ड हातात घेऊन म्हणाला, "र्धा." मग व जवळ आणला आणि वर्धा वाचलं.

खरंच कळलंय की पाठ झालंय हे बघायला मी त्याने न पाहिलेली कार्डं दिली: र्भ, द, वि. आधी प्रत्येक कार्ड सुटं वाचायचं, जुळवायचं नंतर, असं सांगितलं. हा क्रम मी तेव्हापासून सोडलेला नाही. सुटं कार्डच चुकीचं वाचलं तर अडचण वाचण्यात आहे. सुटी कार्डं बरोबर वाचून शब्द चुकला तर अडचण शब्द ओळखण्यात आहे. एकाच चुकीच्या उत्तरामागे ही दोन वेगळी कारणं असू शकतात, आणि त्यांची दुरुस्तीही वेगळी. त्याने र्भ वाचलं आणि विदर्भ लावलं.

चंद्रपूरला मात्र तो पुन्हा अडला. 'द्र' बघून म्हणाला, "र्द." आताच शिकलेला नियम त्याने इथेही लावला होता. माझी पट्टी इथे उपयोगाची नव्हती, कारण इथे र मागून येतो, द आधी. त्याला बोटाने दाखवलं: र आधी आला की दुसऱ्याच्या डोक्यावर, मागून आला की दुसऱ्याच्या पायाशी. त्याने दोन्ही कार्डं शेजारी ठेवून बराच वेळ पाहिली. मग चं, द्र, पू, र असं लावलं.

सुट्टीची घंटा झाली तरी तो बसून होता. मला म्हणाला, "म्याडम, पऱ्हाटी कशी लिवतेत?" त्याच्या बापाच्या वावरात पऱ्हाटीच होती. मी लिहून दाखवलं. इथेही र् आधी येतो, तरी डोक्यावर चढत नाही, पापणीसारखा वाकून ह च्या अलीकडे उभा राहतो. "हा कावून नाई बसला डोक्यावर?" मी त्याला दोन्ही शब्द म्हणायला लावले. वर्धा म्हणताना व वर जोर पडतो, र् तिथे आपटतो. पऱ्हाटी म्हणताना प हलकाच राहतो, र् सरकत ह मध्ये जातो. त्याने दोन्ही शब्द हळूहळू, डोळे मिटून म्हटले. जोर पडला नाही तर पापणी, हे त्याने आपल्या तोंडातच तपासून घेतलं. समुद्र तो दर्या आणि डोंगरातल्या त्या दऱ्या, ही जोडी मी मग फळ्यावर लिहिली. चौथीतली दोन पोरंही ती म्हणून बघू लागली.

दुसऱ्या दिवशी त्याने दप्तरातून तीन तुकडे काढून माझ्या टेबलावर उलटेसुलटे ठेवले. कुठल्याशा खोक्याच्या पुठ्ठ्यावर, निळ्या पेनाने: टी, ऱ्हा, प. ऱ्हा त्याने अख्खा ठेवला होता, मधून कापला नव्हता.

"आता तुमी लावा," तो म्हणाला.

मी एकेक कार्ड आधी सुटं वाचलं, मग लावलं.