आमची वाटचाल : बेचाळीस फोटोंचा मेल

दारव्ह्याला स्टुडिओ टाकला तेव्हा एडिटिंगचे वेगळे पैसे मी कोणाकडे कधी मागितले नाहीत. रात्री बसून स्वतःच करायचो. लग्नांची कामं वाढली आणि ते झेपेनासं झालं, म्हणून अमरावतीच्या एका ताईंना एका लग्नाचे बेचाळीस फोटो पाठवून विचारलं, "सगळ्यांचे मिळून किती घ्याल?"

त्यांनी फोनवर आकडा सांगितलाच नाही. एकेक फोटो उघडून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी मेल केला.

"भाऊ, सव्वीस फोटोंत फक्त कपड्यांचं काम आहे. पदराच्या चुण्या, खांद्यावर दिसणारी सेफ्टी पिन. त्याचे प्रत्येकी ९० रुपये. बारा फोटोंत केसांचं आहे, त्याचे १६०. चारांत दोन्ही आहे, त्याचे २३०. एकूण ५,१८०, निम्मे आधी. दुरुस्ती दोनदा करून देईन, पण दर वेळी सगळ्या सूचना एकत्र पाठवा. माझी चूक असेल तर ती मोजायची नाही. साडीचा रंग बदलायचा झाला तर ती दुरुस्ती नाही, नवीन काम."

केसांचे एवढे पैसे कशाला, हे मला सतरा नंबरच्या फोटोवरून कळलं. नवरीच्या मागे हॅलोजन होता आणि डोक्याभोवती सुटे केस चमकत होते. असे केस मी आजवर सरळ पुसून टाकायचो, मग डोकं कात्रीनं कापून चिकटवल्यासारखं दिसायचं. ताईंनी लांब उडालेले तेवढेच काढले, कडेचे थोडे राहू दिले आणि जिथं कड फार गुळगुळीत झाली तिथं बारीक ब्रशनं एकेक केस परत ओढला. या एकाच फोटोला त्यांचा जवळपास पाऊण तास गेला.

काय जमणार नाही, हेही मेलमध्ये स्पष्ट होतं. दोन फोटोंत फ्लॅशनं पदराची जरी पांढरी फटक झाली होती. "त्यात नक्षीच उरलेली नाही, रॉ फाइलमधूनही निघणार नाही. खोटी जरी मी काढणार नाही," असं त्यांनी लिहिलं. व्हॉट्सअॅपवरून आलेले फोटो घेणार नाही आणि नवरीनं स्वतः सांगितल्याशिवाय तिला बारीक किंवा गोरी करणार नाही, हेही होतं. हे वाचून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

दुसरी दुरुस्ती झाल्यावर नवरीच्या भावाचा फोन आला, "दादा, राणी कलरची साडी लाल करून द्या ना." आधी मी ते फुकट करून दिलं असतं. या वेळी तो मेल समोर ठेवून सहा फोटोंचे वेगळे पैसे सांगितले. तो जरा थांबला, मग हो म्हणाला.

आता आमच्या कोटेशनमध्येही दुरुस्त्या दोनच लिहिलेल्या असतात. जरीच्या साडीवर मी फ्लॅश कमी करतो आणि कॅमेऱ्याच्या बॅगेत काळ्या हेअरपिनांची डबी असते. मंडपात उभं राहण्याआधी नवरीच्या मैत्रिणीच्या हातात ती देतो.