१३९ डॉलरची फुकट डिलिव्हरी

अ‍ॅमेझॉनच्या प्राइम सदस्यत्वाचे १३९ डॉलर येत्या आठवड्यात पुन्हा खात्यातून वळते होणार असल्याची सूचना आली, त्याच संध्याकाळी सांगलीहून बाबांचा फोन होता. मी सहज बोलून गेले, तर ते म्हणाले, "अगं, गणपती पेठेतल्या वाण्याने पोरगं पाठवल्याचे पैसे कधी मागितले का?" तो ते पैसे साखरेच्या भावातच धरत असावा, असे मी ठसक्यात सांगितले खरे, पण फोन ठेवल्यावर वर्षभराच्या ऑर्डरींची यादी उघडलीच.

एकूण २६ ऑर्डरी होत्या. लहान ऑर्डरीला घरपोच आणण्याचे साधारण ७ डॉलर पडतात, म्हणजे २६ गुणिले ७, १८२ डॉलर. फी वसूल होऊन वर ४३ डॉलर वाचले, या आनंदात मी चहा टाकला. चूक लक्षात आली ती तो उकळत असताना. अ‍ॅमेझॉन स्वतः पाठवत असलेला माल ३५ डॉलरांच्या वर गेला, तर सदस्य नसणाऱ्यालाही तो फुकटच येतो, फक्त आठवडाभर उशिरा. (दुसऱ्या विक्रेत्याने स्वतः पाठवलेली वस्तू मात्र या बेरजेत धरली जात नाही.) माझ्या २६ पैकी १५ ऑर्डरी या रेषेच्या वर होत्या, तेव्हा त्यांची बचत शून्य.

उरलेल्या ११ मध्ये सोमवारी कुकरची रिंग आणि गुरुवारी बल्ब असा प्रकार होता. सांगलीत असते तर दोन्ही चिठ्ठीवर लिहून ठेवले असते आणि महिन्याच्या सामानाबरोबर आणले असते. इथे पैसे आधीच भरलेले असल्यामुळे थांबण्याचे कारणच उरले नव्हते. अशा सात ऑर्डरी पुढच्या मोठ्या ऑर्डरीत सहज बसल्या असत्या. खरोखर घाईच्या चारच निघाल्या, म्हणजे २८ डॉलर. फी वसूल व्हायला अशा वीस लागल्या असत्या. सदस्यत्वासोबत चित्रपट मिळतात, हे मान्य. पण जे मी वेगळे पैसे देऊन पाहिले नसते, त्याची किंमत हिशेबात धरणे मला पटत नाही.

म्हणून वार्षिक नूतनीकरण बंद केले. मासिक दर १४.९९ डॉलर आहे, तेव्हा वर्षात नऊ महिन्यांपर्यंत गरज असेल, तर महिन्याचे घेणेच स्वस्त पडते. दहाव्या महिन्याला ते १३९ च्या पुढे जाते. शिवाय घेतल्या दिवशीच रद्द केले, तरी महिना पुरा वापरता येतो.

मे महिन्यात आई-बाबा येणार आहेत, तेवढा एकच महिना घेणार आहे. तो तरी कशाला, असे बाबांचे म्हणणे आहे. पण त्यांची कडक उशी आणि आईची गरम पाण्याची पिशवी आठवडाभर थांबू शकत नाही, असे मी त्यांना सांगून टाकले आहे.