पट्टी किती भरू?

"सर, रेझ्युमेत एक्सेलपुढे किती टक्के लिहू? टेम्प्लेटमध्ये पट्टी दिलीय, ती किती भरू?"

पट्टीच काढून टाका. अकाउंट्सच्या जागांसाठी आलेले रेझ्युमे मी बरीच वर्षं चाळतोय आणि 'एक्सेल ९०%' वाचून मला आजवर काहीही कळलेलं नाही. ९० टक्के कशाचे? अख्खं एक्सेल येणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. उलट ज्याने त्यात खरंच खोलवर काम केलंय तो बिचकत ६० लिहितो, आणि ज्याला बेरीज करून रंग भरता येतात तो बिनधास्त ९५. आकडे शेजारी ठेवले तर निवड नेमकी चुकीच्या माणसाची होते.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. नोकरीच्या बऱ्याच पोर्टलवर पीडीएफमधून फक्त मजकूर उचलला जातो. पट्टी हे चित्र. ते गळून पडतं आणि मागे नुसतं 'एक्सेल' उरतं. म्हणजे तुम्ही इतका विचार करून भरलेली पट्टी समोरच्याला कित्येकदा दिसतही नाही.

मग काय लिहायचं? मध्यंतरी ओळखीतल्या एका मुलीचा रेझ्युमे बघत होतो. टॅली ८५%, एक्सेल ९०%. तिला म्हटलं, एक्सेलमध्ये रोज करतेस काय ते सांग. म्हणाली, "दर महिन्याला GSTR-2B डाउनलोड करते आणि आमच्या खरेदी रजिस्टरशी जुळवते." कशी जुळवतेस? "VLOOKUP लावते. पण सप्लायरने पोर्टलवर बिल नंबर INV/045 टाकलेला असतो आणि आमच्याकडे नुसता 45, मग #N/A येतं. म्हणून आधी बिल नंबर साफ करते, स्पेस TRIM ने काढते, मग जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक कॉलम करते आणि त्यावर शोधते. तरी नाही सापडलं तर रक्कम बघते, आणि शेवटी सप्लायरला फोन." तेवढ्यात मी विचारलं, VLOOKUP मध्ये शेवटी FALSE का लिहायचं? ती लगेच म्हणाली, "नाही लिहिलं तर जवळपासचं काहीतरी उचलतं, आणि एरर न येता चुकीचा आकडा बसतो." तिचं काम कुठल्या पातळीचं आहे ते इथे कळलं. पट्टीत यातलं काहीच नव्हतं.

शेवटी ओळ अशी झाली: 'एक्सेल: २०१९ पासून रोज. खरेदी रजिस्टर आणि GSTR-2B ची मासिक जुळवणी, VLOOKUP, पिव्होट टेबल. तयार मॅक्रो चालवते, स्वतः लिहीत नाही.' शेवटचं वाक्य लिहायला ती तयार नव्हती, कमीपणा वाटत होता. मला मात्र त्या वाक्यामुळेच आधीच्या दाव्यांवर विश्वास बसतो. शिवाय मुलाखतीत कुणी मॅक्रो लिहायला बसवून फजिती करणार नाही, हा वेगळा फायदा.

नुसत्या वर्षांवरही जाऊ नका. 'टॅली, १० वर्षे' म्हणजे दहा वर्षं फक्त पर्चेस व्हाउचर टाकलेले असू शकतात. वर्षांसोबत काम हवं: बँक रिकन्सिलिएशन केलंत का, जीएसटी रिटर्नचा डेटा काढलात का, वर्षअखेरीच्या एंट्र्या तुम्ही टाकल्या की सीएच्या ऑफिसने? आणि शेवटचं कधी वापरलंत? टॅली प्राइम २०२० च्या नोव्हेंबरात आलं. त्याआधीच टॅली सोडलेल्या माणसाला ईआरपी ९ चे मेनू पाठ असतात, पण प्राइममध्ये तो सुरुवातीला चाचपडतो. चारेक दिवसांत जमतं म्हणा, पण आम्हाला ते आधी माहीत असलेलं बरं. म्हणून 'टॅली ईआरपी ९: २०१४ ते २०१९' असंच सरळ लिहावं.

नुकतेच बी.कॉम. झालेले विचारतात, आमच्याकडे वर्षंच नाहीत, आम्ही काय लिहायचं? जे केलंय तेच. 'टॅली प्राइम: तीन महिन्यांचा क्लास, सरावासाठी एका किराणा दुकानाची एका तिमाहीची खरेदी-विक्री नोंदवून ट्रायल बॅलन्स काढला.' एवढं वाचून मी समोर चार बिलं ठेवतो आणि एंट्री करायला सांगतो. जमली तर पुढे बोलतो.

आणि एक बारीकसं: '५ वर्षे' लिहिण्यापेक्षा '२०१९ पासून' लिहा. तीच फाइल लोक दोन-दोन वर्षं फिरवत असतात, आणि त्यातली पाच वर्षं पाचच राहतात.