बाबांच्या फ्लॅटमधला आजीचा चौथा हिस्सा

बाबा मृत्युपत्र न करता गेले. मागे आई, मी, लग्न झालेली बहीण आणि बाबांची आई, म्हणजे आजी. फ्लॅट बाबांच्या स्वकमाईचा, एकट्यांच्या नावावर. सोसायटीत नॉमिनी म्हणून आईचं नाव होतं, त्यामुळे घर आता आईचंच असं सगळे धरून चालले होते. पण नॉमिनी मालक होत नाही. सोसायटी त्याला वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेते, एवढंच.

आम्हाला १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा लागू. त्यात पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई हे सगळे वर्ग १ चे वारस. पत्नीचा एक भाग, प्रत्येक मुलाचा एक आणि आईचा एक. म्हणजे आमच्याकडे प्रत्येकी चौथा हिस्सा. बहिणीच्या लग्नाने तिचा भाग कमी होत नाही. आजोबा हयात असते तरी त्यांना काही मिळालं नसतं, कारण मयताचे वडील वर्ग २ मध्ये येतात. (वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेचं गणित वेगळं, ते यात मिसळू नये.)

खरी गुंतागुंत आजीच्या हिश्शाची. ही तिची पूर्ण मालकी, नुसता राहण्याचा हक्क नव्हे. ती मृत्युपत्राशिवाय गेली, तर तो हिस्सा तिच्या मुलामुलींकडे जातो आणि आधी वारलेल्या मुलाचा वाटा त्याच्या मुलांकडे. त्यात सुनेला काही नाही. फ्लॅट ८० लाखांचा धरा. आजीचे २० लाख. त्यातले १० आत्याला, उरलेले १० आम्हा भावंडांत पाच-पाच. शेवटी आईचे २० च राहतात, आमचे प्रत्येकी २५ होतात आणि आत्या घराची सहमालक होते. उद्या फ्लॅट विकायचा तर तिचीही सही लागणार.

हे टाळायचं की नाही, हे आजीने ठरवायचं. तिच्यावर दबाव आणणं मला पटत नाही. तिची इच्छा असेल तर दोन मार्ग. एक, सहवारसाच्या नावे हक्कसोडपत्र. ते दुय्यम निबंधकांकडे नोंदवावंच लागतं. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेला कागद हिस्सा हस्तांतरित करत नाही, आणि घर विकताना वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. आजारपणामुळे कार्यालयात जाणं जमत नसेल तर अर्ज करून गृहभेटीची सोय मिळते. दुसरा मार्ग, आजीचं स्वतःचं मृत्युपत्र. त्याची नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ज्याला हिस्सा मिळणार त्याला साक्षीदार करू नये.

आमच्या आजीने मृत्युपत्र केलं. हक्कसोडपत्र एकदा झालं की मागे घेता येत नाही, मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येतं. तिला ते बरं वाटलं.

एक सावधगिरी: वारसांत अज्ञान मूल असेल, तर त्याचा हिस्सा आईलासुद्धा न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता किंवा सोडून देता येत नाही.