शापाच्या जागी गॅमा किरण

‘कॉमिक्समधल्या ज्याला त्याला शक्ती मिळते ती रेडिएशननं, नाहीतर प्रयोगशाळेतल्या अपघातानं. असं का? लेखकांना दुसरं काही सुचत नव्हतं का?’

सुचत होतं, आणि आधी सुचलेलंही होतं. 1938 सालचा सुपरमॅन परग्रहावरून आला. 1940 च्या ग्रीन लँटर्नकडे जादूचा दिवा होता. कॅप्टन मार्वल एक मंत्र उच्चारायचा आणि त्याच्यावर वीज कोसळायची. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून घरोघरी पोचलेला वेताळही त्याच जुन्या पिढीतला; त्याला अपघाताची गरज नव्हती, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली शपथ पुरायची. अपघाताला अपवादात्मक जागा होती, पण तो नियम झाला तो 1956 ते 1964 या आठेक वर्षांत, अमेरिकेत. त्यातला एकच अंक नीट उघडून पाहिला तरी बरंचसं उत्तर हाती लागतं. तो म्हणजे मे 1962 चा हल्कचा पहिला अंक, लेखक स्टॅन ली, चित्रकार जॅक किर्बी.

डॉ. ब्रूस बॅनर यांनी गॅमा बाँब बनवलाय आणि वाळवंटात त्याची चाचणी व्हायची आहे. ऐन वेळी एक पोरगा मित्रांशी पैज लावून गाडी घेऊन थेट चाचणीच्या जागेत शिरतो. बॅनर सहकाऱ्याला उलटी मोजणी थांबवायला सांगून धावत सुटतात. सहकारी आहे रशियाचा हेर, तो मोजणी थांबवत नाही. बॅनर पोराला खंदकात ढकलतात आणि स्वतः मात्र किरणांच्या माऱ्यात सापडतात. पुढे रात्र पडते, किरणोत्सार मोजणारा गीगर काउंटर वेड्यासारखा टिकटिकायला लागतो आणि बॅनरचा राक्षस होतो.

इथे ‘रात्र पडते’ हे महत्त्वाचं आहे. राग आला की हल्क होतो, हे आज सगळ्यांना पाठ आहे, पण ते नंतर आलं. या अंकात बॅनर सूर्यास्ताला बदलतात आणि पहाटे पुन्हा माणूस होतात. हा सरळसरळ लांडगामाणसाच्या गोष्टीचा साचा आहे. शाप तेवढा काढून त्या जागी गॅमा किरण बसवलेत.

का बसवले? 1954 साली अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर कॉमिक्सवर सुनावण्या झाल्या. सरकारी बंदी येण्याआधीच प्रकाशकांनी स्वतःहून ‘कॉमिक्स कोड’ नावाची आचारसंहिता आणली. मुखपृष्ठावर कोडचा शिक्का नसेल, तर बहुतेक वितरक अंक उचलायचेच नाहीत. त्यात चालती प्रेतं, रक्तपिपासू व्हँपायर, लांडगामाणसं यांना साफ मनाई होती. जादूला किंवा देवांना नव्हती, म्हणून 1962 मध्येच थॉर येऊ शकला. पण रात्री राक्षस होणारा माणूस मागच्या दारानंच आणावा लागत होता, आणि ते दार विज्ञानाचं होतं. बॅनर हे शास्त्रज्ञ, त्यांना झाला तो अपघात. यात कोडला हरकत घ्यायला जागाच नव्हती.

पण विज्ञानात इतकं काही असताना किरणंच का? कारण त्यांची भीती वाचकाच्या घरात आधीच पोचली होती. 1 मार्च 1954 ला पॅसिफिकमधल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेनं केलेला अणुस्फोट अंदाजाच्या अडीचपट मोठा, 15 मेगाटनांचा निघाला, आणि दूरवर मासेमारी करणाऱ्या जपानी बोटीवर किरणोत्सारी राख पडली. 1958 पासून अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले जात होते, त्यांत अणुचाचण्यांमधलं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-90 किती साठलंय ते मोजायला. ज्या मुलांचे दात गेले, त्याच वयाची मुलं कॉमिक्सचे गिऱ्हाईक होती. ‘किरण लागले आणि शरीर बदललं’ एवढं म्हटलं की त्यांना आणखी काही समजावायला लागत नव्हतं. पानांच्या हिशेबात हे फार मोलाचं होतं. स्पायडरमॅनची पहिली गोष्ट, ऑगस्ट 1962 ची, अवघी अकरा पानांची आहे. त्यात कोळी किरणांच्या झोतात सापडतो, चावतो आणि मरतो. एवढ्यावर शक्तीचं काम उरकतं आणि उरलेली पानं त्या मुलाच्या चुकीला मिळतात. गोष्ट खरी तिथे आहे.

अपघाताचा आणखी एक उपयोग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शक्ती ठरवून, प्रयोगानं मिळाली की लगेच प्रश्न येतो: मग तेच हजार जणांना का देत नाहीत? 1941 च्या कॅप्टन अमेरिकात लेखकांना हे भोक बुजवण्यासाठी औषध बनवणाऱ्या शास्त्रज्ञाला गोळी घालून मारावं लागलं, म्हणजे कृती त्याच्याबरोबर गेली. अपघात मात्र मुळातच पुन्हा जमवून आणता येत नाही. शिवाय नायकानं काही मागितलेलं नसतं, त्यामुळे हावरटपणाचा डाग त्याला लागत नाही. किरण कुणावर काय परिणाम करतील याचा नेम नसणं हेही लेखकांच्या पथ्यावर पडलं. 1961 च्या फँटॅस्टिक फोरमध्ये एकाच यानातल्या चौघांना तेच वैश्विक किरण लागतात आणि चार वेगळ्या शक्ती मिळतात.

आता यात खरं किती? किरणांमुळे जनुकं बदलतात हे शास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी 1927 मध्ये फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून दाखवलं होतं. पण ते बदल दिसले पुढच्या पिढीत, आणि बहुतेक बदल घातकच होते. मोठ्या झालेल्या शरीरात प्रत्येक पेशीला मार वेगळ्या ठिकाणी बसतो. सगळ्या पेशींनी एकाच दिशेनं बदलणं होत नाही. तीव्र मारा झाला तर पहिल्यांदा ढासळतात त्या झपाट्यानं विभागणाऱ्या पेशी, म्हणजे अस्थिमज्जेतल्या आणि आतड्याच्या अस्तरातल्या. लॉस अलामोसच्या अणुबाँब प्रयोगशाळेत 21 मे 1946 ला शास्त्रज्ञ लुई स्लोटिन प्लुटोनियमच्या गोळ्यावर बेरिलियमचं अर्धगोल झाकण स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर तोलून धरत होते. स्क्रूड्रायव्हर सटकला, झाकण बसलं, साखळी अभिक्रिया सुरू झाली, निळा प्रकाश चमकला. त्यांनी हातानं झाकण उडवून लावलं, खोलीतल्या इतर सात जणांना पुढचा मारा त्यामुळे टळला. थोड्याच वेळात त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि नवव्या दिवशी ते गेले. खऱ्या प्रयोगशाळेत, खऱ्या अपघातात बॅनरचं असं झालं असतं.

तरी हल्कचा तो अंक निव्वळ भाबडा नाही. त्यातला खलनायक गारगॉयल हा रशियन शास्त्रज्ञ, बाँबवर काम करता करता किरणांनी विद्रूप झालेला. शेवटी बॅनर किरणांनीच त्याला बरं करतात, आणि तो आपल्याच तळाचा स्फोट घडवतो. एकाच अंकात किरण राक्षस करतात, विद्रूप करतात आणि बरंही करतात. शक्तीचं कारण म्हणून दुसरं काहीही इतकं लवचीक नव्हतं. अखेर त्याचाच अतिरेक झाला: 1963 मध्ये एक्स-मेन आले तेव्हा ते जन्मतःच वेगळे आहेत असं सांगून लीनं दरवेळी नवा अपघात शोधण्यातून सुटका करून घेतली. पण तिथेही त्यांचे गुरू प्रोफेसर एक्स पहिल्याच अंकात सांगतात, की माझे आईवडील पहिल्या अणुबाँबच्या प्रकल्पावर होते.

1971 मध्ये कोड सैल झाला, आणि 1972 मध्ये मार्वलनं ड्रॅक्युला व लांडगामाणूस दोघांनाही खुलेआम आणलं. त्या लांडगामाणसाला मात्र गॅमा किरणांची गरज पडली नाही. घराण्याचा शाप पुरला.