रविवारची ओळ

फोनने मोजलेली वर्षभराची पावलं एका रंगीत तक्त्याच्या सात ओळींत आणि साधारण ५३ रकान्यांत मावतात. एक चौकोन म्हणजे एक दिवस. चालणं जास्त, तितका रंग गडद. उभं वाचलं की आठवडा दिसतो, पण खरी गंमत आडवं वाचण्यात आहे. सगळे रविवार एकाच रांगेत येऊन बसतात आणि ती रांग फिकट असली की आठवड्याचा स्वभाव न विचारता कळतो. फक्त वरची ओळ रविवारची की सोमवारची, हे आधी पाहून घ्यावं. नाहीतर रविवारचा आळस बिचाऱ्या सोमवारच्या नावावर जमा होतो.

कधीकधी मात्र अख्खं वर्ष फिकट दिसतं आणि एकच चौकोन काळाकुट्ट. त्या दिवशी कुणी डोंगर चढून आलेलं असतं. समजा, त्या रविवारी २२,००० पावलं झाली आणि रंगाच्या पाच छटा शून्यापासून तिथपर्यंत सारख्या वाटल्या, तर एकेक छटा ४,४०० पावलांची होते. मग ५,००० आणि ८,५०० पावलांचे दिवस एकाच रंगात. यावर उपाय म्हणजे सर्वांत गडद छटा ८,०००च्या पुढे सुरू करायची आणि त्याखाली दोन-दोन हजारांच्या चार छटा करायच्या. डोंगराचा दिवस गडदच राहतो, पण बाकीच्यांनाही रंग मिळतो.

एवढं करूनही रंग एक गोष्ट लपवतो. कामाच्या दिवशी ८,००० पावलं नेहमीचीच, म्हणून रविवारचा ७,९०० चा चौकोन त्यांच्यात बेमालूम मिसळतो. त्याची तुलना रविवारांशीच करायला हवी. आधीचे आठ रविवार घ्या: ३,६००, ४,२००, ३,९००, ४,०००, ३,७००, ४,३००, ३,८०० आणि तो डोंगराचा २२,०००. सरासरी येते जवळजवळ ६,२००, म्हणजे एकही खरा रविवार जिच्या आसपास नाही अशी. चढत्या क्रमाने लावून मधल्या दोघांचा मध्य काढला, तर ३,९५० हा मध्यक मिळतो. आता ७,९०० म्हणजे बरोबर दुप्पट. प्रत्येक दिवसाला असं त्याच्या वाराच्या मध्यकाने भागून तो भागाकार रंगवला, तर दुसरंच चित्र उभं राहतं: फिकट रविवारांची पट्टी पुसली जाते आणि फक्त वेगळे दिवस उरतात. दोन्ही चित्रं शेजारी ठेवावीत. पहिल्यात सवय दिसते, दुसऱ्यात सवयमोड.

वेगळा दिवस सापडला, तरी कारण रंगात नसतं. ते शेजाऱ्यांना विचारावं. मंगळवार एकटाच फिकट असेल तर सुट्टीचा संशय घ्यावा. बुधवार-गुरुवारही मलूल असतील तर आजारपणाचा. आणि थेट शून्य दिसलं, तर चालणाऱ्यापेक्षा फोनवर संशय घ्यावा. घरातल्या घरातही शे-दोनशे पावलं होतातच, त्यामुळे असा चौकोन फिकट न ठेवता राखाडी करावा आणि मध्यकातून वगळावा.