वाई-मेणवली, ज्येष्ठांसोबत

आज पुण्याहून ज्येष्ठांना घेऊन वाई-मेणवलीला गेलो होतो. २७ सीटर बस, पण हिशोब १८ जणांवरच धरला, कारण गुडघा आणि नातवंडं ऐनवेळी दोन-चार नावं गाळतातच. बस टोल-ड्रायव्हरसकट १३,५००, म्हणजे माणशी ७५०, नाश्ता-जेवण-चहा ३५०. घेतले १,२५०. सुटणारे दीडशे मला रास्त वाटतात. २२ आले, तेवढा फायदा वाढला.

जेवण साडेबाराला म्हणजे साडेबाराला; इन्सुलिनवाले थांबू शकत नाहीत. बसच्या उंच पायरीखाली लाकडी पाट ठेवला. मेणवलीच्या घाटाच्या पायऱ्या काहींनी वरूनच पाहिल्या, त्यांच्यासोबत एक मदतनीस थांबला. स्वच्छ टॉयलेटचा थांबा मात्र आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघावा, फोनवर सगळे ‘आहे’च म्हणतात!